नाव नको म्हणणाऱ्या देणगीदारांना लिहिलेलं पत्र

संस्था पंचवटीतली. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबक तालुक्यांतून नर्सिंग आणि पदवीच्या शिक्षणासाठी नाशकात आलेल्या बेचाळीस मुलींचं वसतिगृह ती चालवते. ऑगस्ट २०२३ मध्ये एक ज्येष्ठ देणगीदार खजिनदारांच्या घरी आले आणि तीन लाखांचा धनादेश देऊन गेले. काम त्यांनीच सांगितलं होतं: गच्चीवर सौरबंब बसवा. अटही त्यांनीच सांगितली. पाटी नको, अहवालात नाव नको, कार्यक्रमात उल्लेख नको, हार-नारळ नको. "मुलींना गरम पाणी मिळालं म्हणजे झालं," एवढं बोलून ते उठले.

मी अशा छोट्या संस्थांना पत्रव्यवहार आणि दप्तराच्या कामात मदत करते. डिसेंबरमध्ये आभारपत्राचा मसुदा माझ्याकडे आला, तिथून माझा या प्रकरणाशी संबंध. खजिनदारांमार्फत देणगीदारांना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. देणगीदार बाई आहेत की पुरुष, हेही इथे सांगत नाही.

पहिला प्रश्न पत्र लिहायचं की नाही, इथूनच सुरू झाला. "नाव नको म्हणाले ना, मग पावती दिली की संपलं," असं एका विश्वस्तांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. चारचौघांत कौतुक नको असलेल्या माणसालाही आपल्या पैशाचं काय झालं ते कळायला हवं असतं, आणि त्यांना ते कळण्याची दुसरी वाटच नसते. बाकीच्या देणगीदारांना निदान अहवाल मिळतो, उद्घाटनाचं बोलावणं जातं. यांनी ते सगळं आपणहून बंद केलेलं. म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचणारा कागद एकच, आणि तो खासगी पत्राचा.

पण पत्र पाठवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते, आणि खजिनदारांनी ती विचारली: "पत्र दिलं तर चालेल का, आणि ते कोणाच्या हातात पडलेलं चालेल?" उत्तर महत्त्वाचं निघालं. पत्र चालेल, पण घरच्यांना या देणगीची कल्पना नाही, म्हणून टपालाने नको. हा प्रश्न विचारला नसता तर संस्थेच्या छापील पाकिटातलं पत्र स्पीड पोस्टाने गेलं असतं, दारात सही करून घरातल्या दुसऱ्याच कोणी घेतलं असतं, आणि सगळं जपून लिहिलेलं पाण्यात गेलं असतं.

गुप्त कोणापासून?

ऑगस्टमध्ये पावती करताना एक सूचना आली होती, ती बऱ्याच संस्थांत येते म्हणून थोडं विस्ताराने सांगते. "नावच लिहू नका, 'गुप्तदान' म्हणून पावती फाडा." सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण कायद्याच्या दृष्टीने ही गोष्ट वेगळी होते. त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ११५बीबीसीप्रमाणे, ज्या देणगीदाराचं नाव-पत्ता संस्थेच्या नोंदीतच नाही, ती देणगी निनावी. अशा निनावी देणग्यांची बेरीज एक लाख किंवा वर्षातल्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या वर गेली, की वरच्या रकमेवर तीस टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट आहे. देवळाच्या दानपेटीला जे चालतं ते वसतिगृहाला चालत नाही, ते यामुळे.

या संस्थेच्या वर्षभराच्या देणग्या अठरा लाखांच्या आसपास. त्याचे पाच टक्के नव्वद हजार, म्हणजे मर्यादा एक लाखाची. तीन लाखांतून एक लाख वजा जाता दोन लाखांवर तीस टक्के, साठ हजार रुपये, वर उपकर. मुलींच्या गरम पाण्यासाठी आलेल्या पैशातला पाचवा हिस्सा नाव न लिहिल्याने करात गेला असता.

म्हणून पावती पूर्ण नावाने, पत्त्याने आणि पॅनसह झाली. ८०जीची सवलत घ्यायची की नाही हा देणगीदारांचा प्रश्न, पण देणग्यांचं विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, संस्थेला ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि त्यात नाव जातं. त्यावरून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं असतं. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे व फॉर्मांचे क्रमांक बदलले. आज कोणी हे करत असेल तर आपल्या सीएंकडून ताजे क्रमांक घ्यावेत.)

याचा पत्राशी थेट संबंध आहे. "आपले नाव कोणालाही कळणार नाही" हे वाक्य सचिवांच्या मसुद्यात होतं आणि ते खरं नव्हतं. पावतीवर सही करणाऱ्यांना नाव माहीत, सीएंना माहीत, आयकर खात्याकडे नोंद. देणगीदाराला उद्या दुसरीकडून हे कळलं तर संस्थेने शब्द मोडला असंच वाटणार. त्यापेक्षा नाव कोणाकोणाला माहीत आहे आणि ते कुठे येणार नाही, हे नेमकं लिहिलेलं बरं. तेवढं वचन पाळताही येतं.

मसुदा

सचिव मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी मनापासून लिहिलं होतं. नाव अर्थातच गाळून मसुदा माझ्याकडे आला. दीड पानाचा. त्यातली काही वाक्यं अशी:

"आपल्यासारख्या दानशूर, प्रसिद्धिपराङ्मुख व्यक्तिमत्त्वांमुळेच आज समाज टिकून आहे. आपल्या मातोश्रींच्या पुण्यस्मरणार्थ आपण उचललेले हे पाऊल... आपण आयुष्यभर सचोटीने सेवा बजावलीत... आपण एकदा वसतिगृहास भेट देऊन मुलींना आशीर्वाद द्यावेत ही विनंती. भविष्यातही आपला वरदहस्त असाच राहो."

मधे जिथे टिंबं दिली आहेत तिथे राहण्याचा भाग, नोकरीचं क्षेत्र आणि निवृत्तीचं वर्ष होतं. मी वाचलं आणि खजिनदारांना फोन केला: "काका, नाव खोडलंय, पण माणूस दिसतोय." कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात कोण कुठून निवृत्त झालं आणि कोणाची आई कधी गेली हे सांगणारी शेकडो माणसं आहेत. माझ्याच डोक्यात एक नाव आलं. ते बरोबर होतं की नाही हे मी विचारलं नाही, आजही मला माहीत नाही.

खासगी पत्रात हे तपशील असले तर काय बिघडलं, असं सचिवांनी विचारलं. पत्र तर त्यांनाच जाणार आहे, आणि त्यांचं स्वतःचं आयुष्य त्यांना ठाऊकच आहे. अडचण नेमकी तीच. वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेली माहिती पत्रात घालून त्यांना काही मिळत नाही, आणि पत्र चुकून दुसऱ्याच्या हाती पडलं तर ओळख मात्र पटते. आईच्या स्मरणार्थ हा उल्लेख तर मला फारच खटकला. देणगीदारांनी ते खजिनदारांशी बोलता बोलता सांगितलं होतं, लिहा म्हणून नव्हे.

भेटीची विनंतीही काढली. ज्यांनी कार्यक्रमालाच नाही म्हटलं आहे त्यांना "आशीर्वाद द्यायला या" म्हणणं म्हणजे तीच गोष्ट मागच्या दाराने पुन्हा मागणं. बेचाळीस मुलींसमोर एक पाहुणे येऊन गच्ची बघून गेले तर मुलींना काय कळायचं ते कळतंच. 'वरदहस्त' हे वाक्य आपल्याकडे सवयीने शेवटी येतं, लिहिणाऱ्याच्या मनात मागणं नसतंही. वाचणाऱ्याला मात्र तिथे पुढच्या वर्षीचा अर्ज दिसतो.

'दानशूर' वगैरे विशेषणं का काढली, यावर सचिवांशी जरा वाद झाला. त्यांचं म्हणणं, कौतुक दोन शब्दांनी तरी व्हायला हवं. माझं म्हणणं असं की ज्यांनी हार नाकारला त्यांना विशेषणांचा हार घालायचा नाही. आभार वजनदार होतात ते कामाच्या तपशिलाने. म्हणून मी विचारलं, "सौरबंब बसल्यावर पहाटे नक्की काय बदललं?" हे मसुद्यात कुठेच नव्हतं, आणि सचिवांना सांगताही येईना. ते वसतिगृहाच्या ताईंना माहीत होतं.

ताईंना आम्ही मुलींकडून आभाराची पत्रं लिहून घ्यायला सांगितलं नाही. तशी पत्रं फळ्यावरून उतरवल्यासारखी सारखी येतात, आणि आभार मानायला लावणं हे मुलींवरही बरं नाही. ताईंनी फक्त जेवताना विषय काढला: आता सकाळचं कसं चाललंय? आधीची व्यवस्था अशी होती की अंगणात लाकडावरचा एक जुना बंब, आणि मुलींनी पाळीपाळीने तो पेटवायचा. हॉस्पिटलच्या सकाळच्या ड्युटीला जाणाऱ्यांना लवकर निघावं लागतं, त्यामुळे शेवटी राहिलेल्या मुलींना बंबात उरेल तेवढंच. डिसेंबरात, निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांतसुद्धा, काही जणी थंड पाण्यानेच उरकायच्या. सुरगाण्याची एक मुलगी म्हणाली, "पाळी असली की साडेचारला उठावं लागायचं. आता पाळीच राहिली नाही." ते वाक्य ताईंनी वहीत लिहून घेतलं.

शेवटी गेलेलं पत्र

"सप्रेम नमस्कार.

आपण दिलेल्या रकमेतून वसतिगृहाच्या गच्चीवर पाचशे लिटरचे दोन सौरबंब बसले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ते चालू आहेत. अंगणातला लाकडाचा बंब पेटवण्याची पाळी आता मुलींना नाही. पहाटे सव्वापाचला तिन्ही न्हाणीघरांत गरम पाणी असते आणि सकाळच्या ड्युटीच्या मुलींनंतर उठणाऱ्यांनाही ते पुरते. सुरगाण्याची एक मुलगी म्हणाली, 'पाळी असली की साडेचारला उठावं लागायचं. आता पाळीच राहिली नाही.'

खर्च असा झाला: सौरबंब व टाक्या २,१८,००० रुपये, पाइप, नळकाम आणि लोखंडी स्टँड ६१,५०० रुपये. २०,५०० रुपये शिल्लक आहेत. ते सौरबंबांच्या देखभालीसाठी राखून ठेवले आहेत. आपली वेगळी इच्छा असल्यास मला सांगावे. नसल्यास याला उत्तर देण्याची गरज नाही.

एक मर्यादा सांगणे योग्य वाटते. ढगाळ दिवसांत पाणी कोमटच राहते, त्यामुळे पावसाळ्यात जुना बंब अधूनमधून लागेल. बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत धरतात म्हणून सौरबंबांना नळाचेच पाणी जोडले आहे.

आपल्या नावाविषयी: अध्यक्ष, सचिव, मी आणि संस्थेचे सीए यांना ते माहीत आहे. कायद्याप्रमाणे पावती आणि आयकराच्या विवरणात ते आहे. अहवाल, पाटी, सभा, वर्तमानपत्र, मुलींशी बोलणे, यांत ते येणार नाही. हे पत्र मी हाताने लिहिले आहे, याची प्रत संस्थेत ठेवलेली नाही.

मुलींनी हे काम कोणी केले असे ताईंना विचारले. 'ज्यांना तुम्हाला गरम पाणी मिळावं असं वाटलं त्यांनी,' एवढेच ताईंनी सांगितले. त्या सगळ्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने मनापासून आभार.

आपला,
(खजिनदारांची सही)"

सुरुवातीला नाव नाही, कारण देणगीदारांनी घरच्यांविषयी सांगितलं होतं. घरी अशी अडचण नसती तर मी नाव घालायलाच सांगितलं असतं. खासगी पत्रात नाव नसलं की परिपत्रकासारखं वाटतं. इथे ती उणीव हस्ताक्षराने आणि सुरगाण्याच्या मुलीच्या वाक्याने थोडी भरून निघाली, असं मला वाटतं.

शिल्लक रकमेचं वाक्य बऱ्याच जणांना पत्रात अनावश्यक वाटेल. देणगी ठरावीक कामासाठी आली असेल तर उरलेली रक्कम संस्थेने आपल्या मर्जीने दुसरीकडे वळवू नये, विचारावं. आणि विचारताना समोरच्यावर उत्तराचं ओझं टाकू नये, म्हणून "नसल्यास उत्तराची गरज नाही". प्रत्येक पत्राला उत्तर द्यावं लागलं तर गुप्त राहू पाहणाऱ्या माणसाला तोही त्रासच.

ढगाळ दिवसांचं वाक्य अध्यक्षांना नको होतं. "आभाराच्या पत्रात रडगाणं कशाला?" मी ते ठेवायचा आग्रह धरला. जुलैत कोणी सहज म्हणालं असतं की वसतिगृहात अजून बंब पेटतो, तर देणगीदारांना वाटलं असतं, माझ्या पैशाचं काय झालं? आणि त्यांना तो प्रश्न उघडपणे कोणाला विचारताही आला नसता.

कागदाच्या वाटा

पत्रातल्या मजकुराइतकीच काळजी पत्राच्या प्रवासाची घ्यावी लागली. संस्थेच्या कार्यालयात एक संगणक, त्यावर तिघं काम करतात. तिथे टाइप केलं असतं तर फाइल राहिली असती, म्हणून खजिनदारांनी घरी, साध्या कोऱ्या कागदावर लिहिलं. पाकीटही साधं, बोधचिन्ह नसलेलं. जावक नोंदवहीत प्रत्येक पत्राचं नाव, पत्ता आणि विषय लिहायचा संस्थेचा नियम आहे, आणि ती वही टेबलावर उघडी असते. तिथे "आभारपत्र, सौरबंब" अशी एक ओळ पडली असती तर संपलंच. हे पत्र खजिनदारांचं वैयक्तिक म्हणून गेलं आणि जावकला चढलं नाही. अधिकृत कागद म्हणजे पावती, तिची नोंद नियमाप्रमाणे आहेच.

पावतीपुस्तकाची अडचण मात्र खरी होती. नेहमीच्या पुस्तकातली स्थळप्रत पुढच्या पावतीच्या वेळी लिपिकाला दिसते. खजिनदारांनी अशा देणग्यांसाठी वेगळ्या क्रमांकमालेचं पावतीपुस्तक केलं, ते स्वतःच्या ताब्यात ठेवलं आणि त्याची माहिती लेखापरीक्षणाच्या वेळी सीएंना लेखी दिली. लपवलेलं पुस्तक आणि ताब्यात ठेवलेलं पुस्तक यांत फरक आहे, तो त्या लेखी माहितीमुळे पडतो. खतावणीत नाव न घालता "सौरबंब देणगी" आणि पावती क्रमांक.

अहवालाच्या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. देणगीदारांच्या यादीत "एक हितचिंतक, ३,००,०००" अशी ओळ घालायचं ठरत होतं. पण चाळीस नावांच्या यादीत एकच बिननावाची ओळ सगळ्यात आधी डोळ्यांत भरते, आणि मग सर्वसाधारण सभेत चहाच्या वेळी अंदाज सुरू होतात. ती ओळ काढली. रक्कम 'वसतिगृह सुधारणा निधी' या शीर्षाखाली इतर छोट्या रकमांसोबत दाखवली, आणि कामाच्या वर्णनात सौरबंब बसल्याचं लिहिलं. हिशेब पूर्ण राहिला.

पत्र खजिनदारांनी समक्ष दिलं. देणगीदारांनी तिथेच उभ्या उभ्या वाचलं आणि एकच गोष्ट विचारली: "पावसाळ्यात मग मुली काय करतील?" खजिनदारांनी खरं ते सांगितलं, की आठवड्यातून दोन-तीनदा बंब पेटवावा लागेल आणि लाकूड संस्था आणेल. विजेच्या हीटरचा खर्च किती येईल हे त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं, पण ते बोलले नाहीत. मला हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण वाटतो, आणि काकांनी तो नीट सांभाळला. आभाराच्या भेटीत नवी मागणी घुसली की मागचं पत्रही मागणीची प्रस्तावना ठरतं. हीटरचा खर्च संस्थेने पुढच्या अंदाजपत्रकात धरला.

२०२५ मध्ये खजिनदारांची मुदत संपली. विश्वस्तांतल्या बदलाचा फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला आणि नव्या खजिनदार बाईंकडे दप्तर आलं. त्यात ते वेगळं पावतीपुस्तक होतं, म्हणजे नाव आणखी एका व्यक्तीला कळणार होतं. काकांनी आधी देणगीदारांना तसं सांगितलं, आणि मग पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला अर्धं पान चिकटवलं: या पुस्तकातल्या देणगीदारांना सार्वजनिक उल्लेख नको आहे, संपर्क फक्त खजिनदारांनी, समक्ष करावा, टपाल, फोन संदेश, निमंत्रण, दिवाळीचं शुभेच्छापत्र पाठवू नये, १०बीई प्रमाणपत्र हाती द्यावं. खाली दोन्ही खजिनदारांच्या सह्या आणि तारीख.